शब्दामागे दर की उक्तं काम: चार ब्लॉगलेखांचं एक प्रकरण

हिशेबाचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका छोट्या कंपनीसाठी एका स्वतंत्र लेखिकेने चार ब्लॉगलेख लिहिले. कामाच्या अटी मेलमधल्या दोन ओळींत मावल्या होत्या: प्रत्येक लेख साधारण १५०० शब्दांचा, पैसे शब्दामागे, आणि "गरज पडली तर एक-दोन बदल". लेख लिहून झाले, प्रसिद्ध झाले, पैसेही वेळेत मिळाले. तरी दोन्ही बाजू नाराज होत्या. लेखिका शब्द मोजून भांडते असं कंपनीला वाटलं, आणि आपण निम्म्या पैशात राबलो असं लेखिकेला. विशेष म्हणजे दोघांनी पुन्हा चार लेखांचं काम केलं. या वेळी ते उक्तं ठरलं, एका पानाच्या करारावर. दोन्ही खेपांच्या तासांच्या नोंदी, मसुद्यांच्या आवृत्त्या आणि मेल मला पाहायला मिळाले. दोन्ही वेळा विषय, लेखिका आणि ग्राहक तेच असल्यामुळे तुलना करायला हे प्रकरण चांगलं आहे.

पैशांचे आकडे इथे कुठल्याही चलनात दिलेले नाहीत. लेखिकेला तासाला १०० मिळायला हवेत, एवढं धरून चालू. या शंभरातच कर, सुट्या, नवीन काम शोधण्यात जाणारा वेळ हे सगळं आलं. बाकीचे आकडे याच मापाने वाचावेत.

पहिली खेप: शंभर शब्दांना ४०

लेखिकेचा सुरुवातीचा हिशेब सरळ होता. १५०० शब्दांचा लेख सहा तासांत होतो: दोन तास वाचन, तीन तास लेखन, एक तास हात फिरवायला. सहा तासांचे ६०० हवेत, म्हणजे शंभर शब्दांना ४०. कंपनीने घासाघीस न करता तो दर मान्य केला.

पहिला लेख सोपा होता. बिलावर काय काय असायला हवं, हा विषय. तो साडेसहा तासांत झाला, शेरे चार आले, तेही शब्दयोजनेबद्दल. दर बरोबर बसला असं लेखिकेला वाटलं, आणि इथेच फसगत झाली, कारण एका सोप्या लेखावरून तिने पुढच्या तिघांचा अंदाज बांधला.

दुसरा लेख पुढच्या काही महिन्यांत व्यवसायात किती पैसा येईल-जाईल याचा अंदाज कसा बांधावा, यावर होता. त्यासाठी कंपनीतल्या एका जाणकाराशी बोलावं लागलं. १६२० शब्दांचा मसुदा गेला. मार्केटिंग बघणाऱ्या व्यक्तीने शेरे दिले, ते लेखिकेने उतरवले. मग प्रॉडक्ट प्रमुखांनी मसुदा वाचला आणि मार्केटिंगने घालायला सांगितलेली दोन उदाहरणं काढायला सांगितली. तीही काढली. त्यानंतर संस्थापकांनी पहिल्यांदाच लेख उघडला आणि लिहिलं, "हे दुकानदारांसाठी लिहिलंय. आपल्याला हिशेबनीस वाचक हवेत." अर्धा लेख नव्याने लिहावा लागला. हिशेबनिसाला प्राथमिक गोष्टी समजावून सांगायची गरज नसते, म्हणून लेख आकसला आणि ११८० शब्दांवर आला. एकूण वेळ १५ तास.

बिलावरून वाजलं ते इथे. लेखिकेने १६२० शब्दांचं बिल लावलं, कारण तेवढे शब्द तिने लिहून दिले होते. कंपनी म्हणाली, आम्ही ११८० छापले, तेवढ्यांचेच देणार. मेलमध्ये "शब्दामागे" लिहिलं होतं, पण कुठले शब्द मोजायचे ते नव्हतं. शब्दामागे काम करताना तीन वेगवेगळे आकडे असतात: सांगितलेले शब्द, लिहून दिलेले शब्द आणि छापलेले शब्द. तिन्ही जुळले तर प्रश्न नाही. जुळले नाहीत, तर प्रत्येकजण आपल्या सोयीचा आकडा धरतो, आणि दोघेही खरं बोलत असतात. वर्तमानपत्रं आणि मासिकं यांच्याकडे बहुधा सांगितलेल्या शब्दांवर किंवा छापलेल्या शब्दांवर मोजायचा ठरलेला रिवाज असतो, म्हणून तिथे हा वाद कमी दिसतो. कंपन्यांच्या ब्लॉगला असा रिवाज नाही.

अखेर लेखिकेने माघार घेतली आणि चारही लेखांचं बिल छापलेल्या शब्दांवर झालं: १४८०, ११८०, १५१० आणि १४३०, एकूण ५६००. रक्कम २२४०.

भांडण कुठे होतं, पैसे कुठे गेले

लेखिका तासांची नोंद ठेवत होती, हे तिचं नशीब. घड्याळ लावून नाही, दिवसाच्या शेवटी वहीत, अर्ध्या तासाच्या हिशेबाने. तेवढं पुरतं. त्या नोंदींप्रमाणे चार लेखांना साडेसहा, पंधरा, साडेआठ आणि दहा तास लागले होते, म्हणजे एकूण ४०. तासाला पडले ५६.

आता समजा, ती वादात जिंकली असती. लिहून दिलेले शब्द होते ६२००, त्यांचे झाले असते २४८०. म्हणजे तासाला ६२. ज्या मुद्द्यावर आठवडाभर मेल उडत राहिले, संबंध ताणले गेले, तो २४० चा होता. तिच्या अपेक्षेप्रमाणे ४० तासांचे ४००० व्हायला हवे होते. उरलेली १५२० ची तूट शब्दांच्या मोजणीत नव्हतीच. ती होती अंदाजातले २४ तास आणि प्रत्यक्षातले ४० तास यांच्यात.

ते ४० तास फोडून पाहिले तर चित्र आणखी स्पष्ट होतं. पहिला मसुदा लिहिण्यात १३ तास गेले. वाचन आणि मुलाखत यांत ९. काय हवंय ते समजून घेणं, मेल आणि कॉल यांत ४. आणि दुरुस्त्यांमध्ये १४. लेख लिहिण्यापेक्षा तो बदलण्यात जास्त वेळ गेला, आणि शब्दामागच्या दरात त्या वेळेला जागाच नव्हती. उलट दुसऱ्या लेखात ४४० शब्द कमी झाले तेव्हा दराच्या भाषेत लेखिकेने १७६ गमावले, आणि ते गमावण्यासाठी मेहनतही तिनेच केली. लेख आखूड केल्याने चांगला झाला, हे तिलाही मान्य होतं. पण ज्या दरात चांगलं काम केलं की बिल घटतं, त्या दरात लिहिणाऱ्याचा हात कापाकापीला कचरतो. त्यात लबाडी असतेच असं नाही. एखादा परिच्छेद "राहू दे" असं वाटायला तेवढं निमित्त पुरतं.

दुरुस्त्यांचे १४ तास तिने एकेका शेऱ्यासमोर ठेवून तीन गटांत वाटले. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत उपयोगी काम हेच होतं. पहिल्या गटात तिची स्वतःची कामं: चुकलेला आकडा, न कळणारं वाक्य, कंपनीच्या लेखनशैलीशी न जुळणारा सूर. यांत गेले ४ तास. दुसऱ्या गटात दोन माणसांचे एकमेकांविरुद्ध शेरे, म्हणजे एकाने घालायला लावलेलं दुसऱ्याने काढायला लावणं. त्यातही ४ तास. तिसऱ्या गटात मसुदा आल्यानंतर ग्राहकाचा बदललेला विचार: नवा वाचक, नवा मुद्दा, नवा विभाग. यांत ६ तास. यांतले पहिले चारच खऱ्या अर्थाने लेखिकेच्या पदरात टाकण्यासारखे होते. उरलेले दहा कंपनीच्या घरातल्या न झालेल्या चर्चेचे होते. ती चर्चा लेखिकेच्या मसुद्यावर आणि लेखिकेच्या वेळात झाली.

नुसता दर वाढवला असता तर?

पहिला विचार तोच येतो. ५६०० शब्दांत ४००० हवेत, तर शंभर शब्दांना साधारण ७१ लावायचे. पण हाच दर जुन्या चार लेखांवर चालवून पाहा. पहिल्या सोप्या लेखाला तासाला १६० हून जास्त पडतात, आणि दुसऱ्याला १५ तासांचे ८४० च्या आसपास, म्हणजे तासाला ५६. सोप्या लेखाला ग्राहक जास्त मोजतो, अवघड लेखात लेखिका तशीच मरते. कारण शब्दांची संख्या आणि कामाचा वेळ यांचा इथे फारसा संबंधच नाही. ११८० शब्दांच्या लेखाला १५ तास लागले आणि १४८० शब्दांच्या लेखाला साडेसहा.

शब्दामागचा दर वाईटच, असं मात्र मी म्हणणार नाही. जिथे कामाचा साचा ठरलेला असतो, तिथे तो उत्तम चालतो. एकाच प्रकारची पन्नास उत्पादनवर्णनं, ठरलेल्या नमुन्यातल्या बातम्या, जिथे एकच संपादक असतो आणि त्याला काय हवं ते त्याला पक्कं माहीत असतं अशी नियतकालिकं, या ठिकाणी वेळ खरोखरच शब्दांच्या मागे चालतो. दोन्ही बाजूंना हिशेब एका नजरेत कळतो, हाही मोठा फायदा. तिथेही कुठले शब्द मोजायचे एवढं एक वाक्य लिहून घ्यावं. माझी पसंती सांगितलेल्या शब्दांना, कारण तो आकडा काम सुरू होण्याआधी ठरतो आणि नंतर कुणाच्या कात्रीने हलत नाही.

उक्ती रक्कम कशी काढली

दुसऱ्या खेपेला लेखिकेने जुन्या नोंदींवरून आकडा उभा केला. दुरुस्त्या वगळून एका लेखाला सरासरी साडेसहा तास लागले होते. दुरुस्त्यांसाठी दीड तास धरला. पहिल्या खेपेला तिच्या स्वतःच्या चुकांचे लेखामागे एक तास गेले होते, त्यावर थोडं जास्त. झाले आठ तास. त्यावर एक तास अनिश्चिततेचा. म्हणजे ९ तास, ९००. मुलाखत घ्यावी लागणाऱ्या लेखाला प्रश्न तयार करणं, बोलणं आणि टिपणं उतरवणं यांचे दोन तास वेगळे, म्हणून ११००.

हा अनिश्चिततेचा एक तास बरेच जण धरत नाहीत, आणि उक्तं काम त्यातच अंगावर येतं. शब्दामागच्या दरात लेख लांबला तर निदान त्याचे पैसे वाढतात. उक्त्या रकमेत वेळेच्या अंदाजातली सगळी चूक लिहिणाऱ्याच्या खात्यावर पडते. म्हणूनच ज्याच्याकडे आपल्या तासांची नोंद नाही, त्याने अनोळखी ग्राहकाचं मोठं काम उक्तं घेऊ नये. एक लेख पैसे घेऊन करून पाहावा, तास मोजावेत, मग बाकीच्यांचा आकडा द्यावा.

कंपनीचा पहिला प्रश्न अपेक्षितच होता. त्यांनी ९०० ला १५०० ने भागलं आणि विचारलं, "मागच्या वेळी शंभर शब्दांना ४० होते, आता ६० कसे?" लेखिकेने दराचं समर्थन केलं नाही. तिने कामाची यादी पाठवली: बोलणी, आराखडा, वाचन, मसुदा, दुरुस्तीच्या दोन फेऱ्या. आणि खाली लिहिलं की रक्कम कमी करायची असेल तर यातलं काय कमी करायचं ते तुम्ही सांगा. दुरुस्तीची एक फेरी काढली तर ७५ कमी होतील; वाचनाचं साहित्य, म्हणजे आकडे, नियमांचे दुवे, प्रॉडक्टची माहिती, तुमच्या टीमने गोळा करून दिलं तर १०० कमी होतील.

कंपनीने दुसरा पर्याय घेतला. तीन लेख ८०० ने, मुलाखतीचा एक ११०० ने, एकूण ३५००. लक्षात घेण्यासारखं हे की तासाचा दर जागचा हलला नाही. रकमेबरोबर काम कमी झालं. दर उतरवून दिला असता, तर तो पुढच्या बोलणीत सुरुवातीचा आकडा म्हणून परत समोर आला असता.

करारातली मुख्य कलमं

करार एका पानाचा होता आणि साध्या भाषेत. सगळा इथे देत नाही, पण ज्या कलमांनी काम केलं ती पाहू.

पहिलं कलम आराखड्याचं: "लेखन सुरू करण्यापूर्वी लेखिका एका पानाचा आराखडा देईल. त्यात वाचक कोण, लेख कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतो, विभागांची शीर्षकं आणि प्रत्येक विभागाचं एका वाक्यातलं सार, तसंच लेखात काय येणार नाही, हे असेल. आराखड्याला अंतिम मंजुरी देणारी व्यक्ती ग्राहक नाव लिहून कळवेल, आणि त्या व्यक्तीच्या लेखी मंजुरीनंतरच लेखन सुरू होईल."

सगळा भार या कलमावर आहे, कारण पुढचं दुरुस्तीचं कलम याच आराखड्याकडे बोट दाखवतं. "काय येणार नाही" हा भाग लोक वगळतात. पण दुसऱ्या लेखाच्या आराखड्यात "प्राथमिक ओळख येणार नाही, वाचक हिशेबनीस" एवढं असतं, तर संस्थापकांना जे मसुद्यावर दिसलं ते एका पानावर दिसलं असतं. मंजुरी देणाऱ्याचं नाव लिहून घेण्यामागेही हेच कारण आहे. लेख ज्याच्या शब्दाने अडू शकतो, त्याने आराखडा पाहिला पाहिजे. मसुदा पाहायला त्याला वेळ नसेल तरी चालेल.

दुसरं, दुरुस्तीचं: "मंजूर आराखड्याच्या चौकटीत राहून केलेला भाषेचा, क्रमाचा, स्पष्टतेचा किंवा सुराचा बदल म्हणजे दुरुस्ती. आराखड्यात नसलेला विभाग, बदललेला वाचक, बदललेली भूमिका किंवा नवी मुलाखत हे नवं काम धरलं जाईल. रकमेत दुरुस्तीच्या दोन फेऱ्या समाविष्ट आहेत. एक फेरी म्हणजे ग्राहकाकडून एकत्र केलेले शेरे एकाच दस्तऐवजात एकदा मिळणं आणि लेखिकेने ते उतरवून देणं. परस्परविरोधी शेऱ्यांचा निर्णय ग्राहक शेरे पाठवण्यापूर्वी करेल. पुढील फेऱ्या व नवं काम तासाला १०० प्रमाणे, आधी लेखी अंदाज देऊन."

नुसतं "दोन फेऱ्या" लिहून भागत नाही, कारण फेरी कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे कुणी सांगितलेलं नसतं. मार्केटिंगचे शेरे सोमवारी आले, प्रॉडक्टचे गुरुवारी, तर ती एक फेरी की दोन? ग्राहक म्हणतो एक, लेखिका म्हणते दोन. "एकाच दस्तऐवजात एकदा" या तीन शब्दांनी तो प्रश्न मिटतो. दुरुस्ती कुठली आणि नवं काम कुठलं, याची कसोटी शेरा किती मोठा आहे यावर ठेवलेली नाही, हेही पाहा. एक परिच्छेद पूर्ण बदलावा लागला तरी तो आराखड्यात बसत असेल तर दुरुस्तीच, आणि एकच वाक्य बदलल्याने लेखाची भूमिका उलटत असेल तर ते नवं काम. "छोटे बदल" आणि "मोठे बदल" अशी विभागणी करणारे करार मी पाहिले आहेत. छोटं म्हणजे किती, यावर ते हमखास अडतात.

याच कलमाखाली एक ओळ होती, जी ग्राहकाला सर्वांत आवडली: "लेखिकेच्या चुकीमुळे राहिलेली माहितीची किंवा भाषेची चूक फेरीत मोजली जाणार नाही, स्वीकृतीनंतर ३० दिवसांपर्यंत ती विनामोबदला दुरुस्त केली जाईल." लेखिकेला याचा खर्च जवळजवळ नाही, आणि फेऱ्या मोजल्या जाणार म्हटल्यावर ग्राहकाच्या मनात जी धास्ती येते, की तिच्याच चुका सुधारायला आपली फेरी खर्च होईल, ती यामुळे जाते.

मुदतीचं कलम असं: "मसुदा मिळाल्यापासून कामाच्या ७ दिवसांत शेरे न आल्यास लेख स्वीकारला असं धरलं जाईल." गप्प राहणं म्हणजे होकार, हे कायदा आपोआप मानतोच असं नाही. म्हणून ते दोघांनी आधी लिहून मान्य केलेलं बरं. लेखिका पाचव्या दिवशी एक ओळीची आठवणही पाठवत असे. कलमावर बोट ठेवायची वेळ त्यामुळे आलीच नाही.

शब्दसंख्या करारात होती, पण दराशी बांधलेली नव्हती: १३०० ते १७००, त्यात कुठेही लेख बसला तरी रक्कम तीच. पैसे निम्मे करारावर सह्या झाल्यावर आणि उरलेले प्रत्येक लेखाच्या स्वीकृतीवर. स्वीकृतीवर, प्रसिद्धीवर नाही. कंपनीचं नियोजन बदलतं, लेख महिनोन्‌महिने पडून राहतो, कधी येतच नाही. ते लिहिणाऱ्याच्या हातात नसतं. मध्येच काम थांबलं तर आराखड्यानंतर लेखाच्या रकमेच्या ३० टक्के आणि मसुद्यानंतर ७५ टक्के. लेखाचे हक्क पूर्ण रक्कम मिळाल्यावर कंपनीकडे जातील. अनेक देशांत स्वतंत्र लेखकाने लिहिलेल्या मजकुराचे हक्क लेखी हस्तांतर होईपर्यंत त्याच्याकडेच राहतात, त्यामुळे हे कलम ग्राहकालाही हवंच असतं.

दुसऱ्या खेपेला काय झालं

पहिले दोन लेख आठ आणि साडेसात तासांत झाले. आराखड्यावर मात्र पहिल्यांदाच भरपूर शेरे आले, आणि ते संस्थापकांचे होते. जी खडाजंगी पूर्वी १६२० शब्दांवर व्हायची ती आता एका पानावर झाली. ते पान बदलायला लेखिकेला वीस मिनिटं लागली.

तिसऱ्या लेखात कराराची परीक्षा झाली. आराखडा मंजूर, मसुदा गेला, पहिली फेरीही उतरवून झाली. मग मार्केटिंगकडून मेल आला: संस्थापकांना शेवटी नव्या फीचरवर एक विभाग हवा आहे, "छोटंसंच आहे". लेखिकेने दिलेलं उत्तर असं होतं:

"नवा विभाग मंजूर आराखड्यात नाही, त्यामुळे तो कलम २ प्रमाणे नवं काम धरावा लागेल. फीचरची माहिती वाचणं, विभाग लिहिणं आणि लेखाचा शेवट त्याला जुळवून घेणं याला ३ तास, म्हणजे ३०० लागतील. तुमचा होकार आला की परवापर्यंत देते. नको असेल तर सध्याचा मसुदा अंतिम धरून दुसऱ्या फेरीचे शेरे पाठवा, किंवा हा विभाग पुढच्या महिन्याचा वेगळा लेख म्हणून ठेवू."

यात नाराजी नाही, नकारही नाही. आहेत ते तीन रस्ते, प्रत्येकाची किंमत लावलेली. तासाभरात होकार आला. करार न्यायालयात नेण्यासाठी इतक्या लहान कामात कुणी करत नाही. असा मेल कुणाला न दुखावता लिहिता यावा, हा त्याचा रोजचा उपयोग. पहिल्या खेपेला हाच मेल लिहायचा झाला असता तर लेखिकेला आपलं गाऱ्हाणं मांडावं लागलं असतं. आता कलमाचा क्रमांक पुरला.

एकत्र शेऱ्यांचं कलम मात्र पुरतं चाललं नाही. तिसऱ्याच लेखात दुसऱ्या फेरीचे शेरे एका दस्तऐवजात आले खरे, पण त्यात दोन ठिकाणी मार्केटिंग आणि प्रॉडक्ट यांचे शेरे एकमेकांच्या विरुद्ध शेजारी-शेजारी बसले होते. एकत्र केले होते, निर्णय केला नव्हता. लेखिकेने दोन्ही जागा पिवळ्या करून परत पाठवल्या आणि यातलं कुठलं धरू, एवढंच विचारलं. दोन दिवस गेले, पण तिचे तास वाचले. तरी या लेखाला धरलेल्या आठऐवजी नऊ तास लागले.

चौथा, मुलाखतीचा लेख अंदाजाबाहेर गेला. अनिश्चिततेचा तास धरून ११ तासांचा हिशेब होता, लागले साडेबारा. जाणकाराने दोनदा वेळ बदलली, दोन्ही वेळा ऐनवेळी, आणि प्रत्यक्ष बोलणं प्रश्नांच्या यादीपासून बरंच भरकटलं. याचं कारण ना आराखड्यात होतं ना दुरुस्त्यांत, त्यामुळे करारातलं कुठलंच कलम त्याला लागू पडलं नाही. तो दीड तास लेखिकेने सोसला.

मूळ कामाचे ३७ तास, नव्या विभागाचे ३, म्हणजे पुन्हा ४०. मिळाले ३८००, तासाला ९५. पहिल्या खेपेला तेवढ्याच तासांचे २२४० मिळाले होते. कंपनीने जास्त पैसे मोजले हे खरं, पण त्यांच्या बाजूने पाहिलं तर लेख मंजूर व्हायला लागणारे दिवस घटले आणि तीन माणसांचा मसुदे पुन्हापुन्हा वाचण्याचा वेळ वाचला. पुढच्या चार लेखांची मागणी त्यांच्याकडूनच आली.

त्या तिसऱ्या खेपेच्या करारात दोनच बदल झाले. परस्परविरोधी शेरे आले तर लेखिका ते परत पाठवेल आणि निर्णय मिळेपर्यंत तिच्या मुदतीचे दिवस थांबतील, अशी एक ओळ. आणि मुलाखतीच्या लेखाची रक्कम ११०० वरून १२५०, सोबत अशी अट की मुलाखतीची वेळ एका दिवसापेक्षा कमी सूचनेने बदलली, तर दुसऱ्या वेळेपासून प्रत्येक बदलाला अर्ध्या तासाचे पैसे लागतील. या दुसऱ्या बदलावर कंपनीने थोडी कुरकुर केली. अखेर अट राहिली आणि रक्कम १२०० वर ठरली, कारण जाणकाराला वेळेवर हजर करण्याची जबाबदारी मार्केटिंगने लेखी घेतली.